शाळेच्या फाटकापुढची कुत्री : झोन कार्यालयाला दिलेल्या पत्राची हकिकत

आमच्या शाळेच्या तक्रारीचा पहिला मसुदा चार ओळींचा होता. "शाळेच्या प्रवेशद्वाराजवळ मोकाट कुत्र्यांचा उपद्रव वाढला असून विद्यार्थ्यांच्या जीवितास धोका निर्माण झाला आहे. तरी आपण त्वरित बंदोबस्त करावा, ही विनंती." खाली मुख्याध्यापिका बाईंची सही आणि शाळेचा गोल शिक्का. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण कोणी, किती वाजता, कुठे येऊन, नेमकं काय करायचं, हे त्या चार ओळींतून कुणालाही कळलं नसतं. मी शाळा व्यवस्थापन समितीची पालक सदस्य आहे आणि माझी मुलगी तिथे दुसरीत आहे. समितीने पत्र नीट लिहून काढायचं काम माझ्याकडे दिलं. ते लिहिताना कायदा, कुत्र्यांच्या सवयी आणि कार्यालयातल्या टेबलांची रचना या तिन्ही गोष्टी शिकाव्या लागल्या. नागपुरात, किंवा दुसरीकडेही, अशाच फाटकापुढे उभ्या असलेल्या पालकांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

निमित्त झालं ते नोव्हेंबरच्या शेवटी. शाळा भरायच्या वेळी माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाला फाटकालगतच्या पुलियाजवळ कुत्रं चावलं. पोटरीवर दात लागले आणि रक्त आलं. आमच्या शाळेच्या शिपाई काकांनी त्या वेळी जे केलं ते प्रत्येक शाळेत माहीत असायला हवं. त्यांनी हळद लावली नाही, पट्टीही बांधली नाही. मुलाचा पाय नळाखाली धरला आणि साबण लावून घड्याळ बघत पंधरा मिनिटं धुतला. मूल रडत होतं, आजूबाजूचे "चला, आधी दवाखान्यात न्या" म्हणून घाई करत होते, तरी त्यांनी धुणं थांबवलं नाही. मग मुलाला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. कातडी फाटून रक्त आलेली जखम तिसऱ्या श्रेणीत धरतात आणि अशा वेळी रेबीजच्या लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती सीरमही टोचावं लागतं. ते तिथे टोचलं. पुढच्या लसीच्या तारखा केस पेपरवर लिहून मिळाल्या : तिसरा दिवस, सातवा आणि अठ्ठाविसावा. मुलाच्या आईने त्या सगळ्या पाळल्या आणि मूल ठणठणीत आहे. तो केस पेपर पुढे आमच्या पत्राचा सर्वांत भक्कम कागद ठरला. त्यावर तारीख होती, श्वानदंशाची नोंद होती आणि जखमेची श्रेणी होती. "मुलांना त्रास होतो" असं म्हणणं आणि हा कागद जोडणं, यात फार अंतर आहे.

समितीच्या बैठकीत संताप होता आणि तो साहजिकच होता. एक बाबा म्हणाले, "कायले कागद करून राहिले मॅडम? माझ्याकडे पिकअप आहे. रात्री भरू आणि गोरेवाड्याकडे नेऊन सोडू." त्यांची मुलगी पहिलीत आहे, त्यांची भीती मला कळत होती. पण हे करता येत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ चे आहेत. त्यांच्यानुसार रस्त्यावरचं कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. शिवाय जनावराला मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. म्हणून बैठकीत विषाचं नाव निघताच बाईंनी ते तिथल्या तिथे थांबवलं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या उपायातून काही साधत नाही. सात कुत्री गोरेवाड्याला सोडली आणि फाटकापुढचं खाणं तसंच राहिलं, तर पलीकडच्या गल्लीतली कुत्री ती जागा धरतात. ती नवीन असतात, लस टोचलेली नसतात आणि जागेसाठी एकमेकांशी भांडतात. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मधून मुलांना शाळेत यावं लागणं हे आधीपेक्षा वाईट.

दुसऱ्या एका पालकांनी मोबाइलवर जुनी बातमी दाखवली : उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्त्यावर कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना दोनशे रुपयांपर्यंत दंड करायला सांगितलं होतं. ती बातमी खरी होती, ऑक्टोबर २०२२ ची. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पत्रात तो आदेश टाकला असता, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा उरलेल्या पत्रावरचाही विश्वास उडाला असता. आज आपल्या उपयोगाचे आदेश दोन आहेत आणि दोन्ही २०२५ चे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्टच्या आदेशाने नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडायची हेच कायम ठेवलं. फक्त रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडायची नाहीत. त्याच आदेशाने प्रत्येक प्रभागात खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सांगितलं. ७ नोव्हेंबरचा आदेश शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बस आगारं आणि रेल्वे स्थानकांपुरता आहे. या आवारांतली कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात न्यायची आणि त्याच आवारात परत आणायची नाहीत, असं तो सांगतो. आवाराला कुंपण आणि फाटक हवं, देखभालीसाठी एक नोडल अधिकारी नेमलेला हवा आणि त्याची माहिती प्रवेशद्वाराशी लावलेली हवी, हेही त्यात आहे.

हे दोन आदेश शेजारी ठेवून वाचले आणि आमच्या पत्राचा कणा मला सापडला. फाटकाच्या आतलं कुत्रं आणि फाटकाच्या बाहेरचं कुत्रं यांना नियम वेगवेगळे आहेत. मुलांच्या दृष्टीने ती एकच टोळी आहे, पण कागदावर रेघ फाटकाशी पडते. आतल्यासाठी मागायचं "हलवा, परत आणू नका". बाहेरच्यासाठी मागायचं "नसबंदी करा, लस द्या, परत सोडा". सगळ्यांना मिळून "उचला" म्हटलं की, हे नियमात बसत नाही असं उत्तर येतं, आणि ते चुकीचंही नसतं.

म्हणजे कोणतं कुत्रं आत आणि कोणतं बाहेर, हे आधी बघणं आलं. आम्ही काही पालकांनी वेळा वाटून घेतल्या : पहाट, शाळा भरायची वेळ, खिचडीची सुट्टी आणि संध्याकाळ. एक वही केली. प्रत्येक कुत्र्याचा रंग, नर की मादी, कानाला खाच आहे की नाही, झोपतं कुठे आणि फाटकापाशी येतं कधी, एवढंच लिहायचं. फोटो लांबूनच काढायचे. त्या वहीतून जे निघालं ते शाळेच्या वेळेत फाटकापाशी उभं राहून कधी दिसलं नसतं.

मोठी कुत्री एकूण सात होती. त्यांतली दोन कुत्री रात्री शाळेच्या आवारातच झोपत, कार्यक्रमाच्या ओट्याखाली. मागच्या लहान फाटकाखाली वीतभर फट होती, तिथून ती येत. तीन समोरच्या बांधकामाच्या रेतीच्या ढिगावर असत, एक बंद पीठगिरणीच्या शटरपाशी. या बाहेरच्या चारांपैकी दोघांच्या कानाला खाच होती, म्हणजे त्यांची नसबंदी आधीच झालेली होती. सातवी, तपकिरी रंगाची मादी, पुलियाच्या पोकळीत पिल्लं घेऊन होती. मुलाला चावली ती हीच. पावसाळा संपताना कुत्र्यांचा माजाचा हंगाम असतो आणि थंडीच्या सुरुवातीला पिल्लं होतात. पिल्लांच्या जवळून कुणी धावत गेलं की ती अंगावर येते. आमचं फाटक आणि ती पुलिया अगदी लागून आहेत, आणि शाळेची घंटा झाली की मुलं नेमकी तिथेच धावतात. तिच्यावर आम्ही दहा दिवस लक्ष ठेवलं. चावलेलं कुत्रं त्यानंतर दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असं धरतात. ती खातपीत राहिली. अर्थात मुलाचे डोस त्यासाठी थांबवले नव्हते, थांबवायचेही नसतात.

वहीतून दुसरी गोष्ट निघाली ती वेळेची. पहाटे फाटकापाशी एकही कुत्रं नसायचं. दहाच्या सुमाराला ती जमायची आणि दुपारी खिचडीच्या सुट्टीनंतर पुन्हा. म्हणजे ती मुलांसाठी येत नव्हती, खाण्यासाठी येत होती. कोपऱ्यावरचा तर्री-पोह्याचा ठेला दहाच्या पुढे आवरतो आणि उरलेलं, उष्ट्या प्लेटांसकट, भिंतीच्या कडेला पडतं. त्याच वेळी शेजारच्या एक काकू पूजा आटोपून दूधभात घेऊन फाटकापाशी येतात. आणि दुपारी आमच्याच शाळेची उरलेली खिचडी बादलीतून त्याच भिंतीच्या कोपऱ्यात ओतली जात होती. या तिन्ही गोष्टी फाटकापासून दहा पावलांच्या आत. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि त्याच दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना झाकणाचा डबा आणून दिला. उरलेलं त्यात ठेवून कचरागाडीच्या ओल्या कचऱ्यात द्यायला सुरुवात झाली. पत्र जायच्या आधीच दुपारचा घोळका विरळ झाला.

काकूंकडे जायला कुणी तयार नव्हतं. त्यांना याआधी बरेच जण बोलून गेले होते. मी गेले तेव्हा दारातच म्हणाल्या, "तू बी भांडाले आली का बाई?" मी त्यांना वही दाखवली. कोणतं कुत्रं कुठे झोपतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. रेतीवरच्या एका कुत्र्याचा लंगडा पाय आम्ही नोंदवलाच नव्हता, तो त्यांनी सांगितला. खाऊ घालू नका असं मी म्हटलं नाही, कारण २०२३ च्या नियमांत खाऊ घालायला मनाई नाही. जागा आणि वेळ मात्र त्यात सांगितली आहे : मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून दूर, आणि मुलं-म्हातारी माणसं ये-जा करतात ती वेळ टाळून. पीठगिरणीच्या मागे रिकामा प्लॉट आहे. सकाळी सहाला आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर तिथे घालायचं त्यांनी कबूल केलं. मग स्वतःहून म्हणाल्या, "गाडी येईन तं मले आवाज देजा. माझ्या हातचं खातेत ते, मी धरून देतो." त्यांची सही आमच्या पत्रावर आहे. खाऊ घालणारी व्यक्ती आणि शाळा एकाच कागदावर सही करतात तेव्हा त्या कागदाविरुद्ध कुणी उभं राहत नाही.

मसुदा घेऊन मी झोन कार्यालयात गेले. आवक-जावकच्या टेबलावरच्या ताईंनी तो वाचला आणि एक गोष्ट सांगितली, ती मी सगळ्यांना सांगते. "ताई, एका कागदावर एकच विषय ठेवा जी. तुम्ही कुत्रे बी लिहिले, कचरा बी लिहिला, ठेला बी लिहिला. कागद एकच आहे, तो एकाच टेबलावर जाईन. कुत्र्याच्या टेबलावर गेला तं कचऱ्याचं कोणी पाहणार नाही." कुत्री पशुवैद्यकीय विभागाकडे, कचरा आरोग्य निरीक्षकाकडे, रस्त्यावरचा ठेला अतिक्रमणाकडे, प्रत्येकाचं टेबल वेगळं. मग पत्रं दोन केली. ठेल्याविरुद्ध तक्रार केली नाही. ठेलेवाल्या भाऊंना कचऱ्याचा ड्रम ठेवायला सांगितलं आणि त्यांनी तो ठेवला. पोट भरणाऱ्या माणसाचा ठेला उचलायला लावणं आमच्यापैकी कुणालाच नको होतं.

कुत्र्यांचं पत्र शेवटी असं झालं. शाळेचं आणि झोनचं नाव इथे गाळलं आहे, बाकी शब्द तेच.

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
झोन कार्यालय, नागपूर

विषय : प्राथमिक शाळेच्या मुख्य प्रवेशद्वारालगतच्या चार कुत्र्यांची नसबंदी व रेबीज लसीकरण करणे आणि त्यांपैकी आवारातील दोन कुत्री निवाऱ्यात हलवणे याबाबत.

संदर्भ : १) प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३. २) मा. सर्वोच्च न्यायालयाचे दि. २२ ऑगस्ट २०२५ व दि. ७ नोव्हेंबर २०२५ रोजीचे आदेश.

महोदय,

आमच्या शाळेतील इयत्ता दुसरीच्या एका विद्यार्थ्यास शाळा भरण्याच्या वेळी प्रवेशद्वारालगतच्या पुलियाजवळ कुत्रे चावले. जखम तिसऱ्या श्रेणीची असल्याची नोंद असलेल्या केस पेपरची छायाप्रत, विद्यार्थ्याचे नाव झाकून, सोबत जोडली आहे.

शाळेभोवती सात प्रौढ कुत्री आहेत. त्यांची वर्णने, छायाचित्रे व जागा दर्शविणारा हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. सातपैकी दोघांच्या कानाला खाच आहे. उर्वरितांपैकी दोन कुत्री रात्री शाळेच्या आवारात ओट्याखाली असतात. त्यांची नसबंदी व लसीकरण करून संदर्भ २ मधील ७ नोव्हेंबरच्या आदेशानुसार त्यांना निवाऱ्यात ठेवावे व आवारात परत सोडू नये. खाच नसलेली बाहेरील दोन कुत्री रेतीच्या ढिगावर व पीठगिरणीसमोर असतात. त्यांची नसबंदी व लसीकरण करून नियमानुसार त्यांच्या जागी सोडावे. खाच असलेल्या दोघांना रेबीज लसीची पुढील मात्रा द्यावी.

पुलियाखालील तपकिरी मादीस पिल्ले आहेत. चावा तिनेच घेतला आहे. पिल्ले दूध पितात तोवर तिला उचलणे योग्य नाही, हे आम्हांस माहीत आहे. पिल्ले सुटी होताच तिला नेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तिच्या स्वभावाची तपासणी करावी व तिला परत सोडायचे किंवा नाही हे त्यानंतर ठरवावे. तोपर्यंत शाळेने पुलियाच्या बाजूस दोर बांधून विद्यार्थ्यांना दुसऱ्या कडेने आत घेण्याची व्यवस्था केली आहे.

ही कुत्री पहाटे साडेपाच ते सात या वेळेत नकाशात दाखविलेल्या जागी सापडतात. दहानंतर ती फाटकावर असतात, परंतु त्या वेळी तेथे विद्यार्थी असल्याने पकडण्याचे काम करू नये. पथक येण्याच्या आदल्या दिवशी कळविल्यास मागील फाटक उघडून देण्यात येईल. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या, खाली सही केलेल्या भगिनी पथकास मदत करतील.

पीठगिरणीमागील मोकळी जागा कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी निश्चित करून द्यावी. तसेच शाळेसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याचे नाव व संपर्क कळवावा, म्हणजे तो प्रवेशद्वारावर लावता येईल.

आपले विश्वासू,
मुख्याध्यापिका, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष व सदस्य, परिसरातील रहिवासी

प्रत माहितीस्तव : पशुवैद्यकीय विभाग, महापालिका मुख्यालय, शिक्षणाधिकारी.

पहाटेच्या वेळेचा परिच्छेद अनेकांना फालतू वाटला होता. पण आमच्या आधी फोनवर तक्रार केली गेली, तेव्हा गाडी दुपारी बाराला आली होती. त्या वेळी मुलं वर्गात, कुत्री बांधकामाच्या सावलीत पांगलेली, आणि जाळी बघताच सगळी पसार. गाडीबरोबरच्या माणसांनी "कुत्रे आढळले नाही" अशी नोंद केली आणि ती नोंद त्यांच्या दृष्टीने खरीच होती. कुत्रं जाळीत येतं ते झोपेत किंवा खाताना. एकदा जाळी हुकली की ते त्या गाडीचा आवाज ओळखतं आणि पुढचे बरेच दिवस हाताला लागत नाही. म्हणून तक्रारीत त्रासाच्या वेळेपेक्षा सापडण्याची वेळ लिहिणं जास्त गरजेचं आहे.

पत्र डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिलं. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती शाळेच्या फाइलीत लावली. कचऱ्याचं पत्र वेगळ्या क्रमांकाने गेलं. १५ डिसेंबरला महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि कार्यालयातली बरीच माणसं त्या कामाला गेली. मार्च २०२२ पासून प्रशासक असल्यामुळे फोन करायला नगरसेवकही नव्हता. अशा वेळी हातात आवक क्रमांक असणं फार मोलाचं ठरतं. टेबलावरचा माणूस बदलला तरी रजिस्टरातला क्रमांक बदलत नाही, आणि "माझ्याकडे असा कागदच नाही" हे उत्तर येत नाही. मी दर वेळी गेले की तोच क्रमांक सांगून कागद आत्ता कुणाकडे आहे एवढंच विचारायची. भांडले नाही, तिथल्या बाबूंनाही निवडणुकीच्या कामाने मान वर करायला वेळ नव्हता.

कचऱ्याचं काम लवकर झालं. आरोग्य निरीक्षक जमादाराला घेऊन आले, भिंतीचा कोपरा साफ करून घेतला, चुन्याची रेघ मारली आणि कचरागाडीची फेरी शाळा भरायच्या आधी यायला लागली. मागच्या फाटकाखालची फट शाळेने आपल्या अनुदानातून लोखंडी पट्टी जोडून बंद केली. पण कुत्री नेल्यावर, आधी नाही. आत झोपलेली कुत्री असताना फट बंद केली असती, तर घाबरलेली कुत्री आवारातच अडकली असती.

गाडी आली ती मतमोजणीनंतर, जानेवारीच्या शेवटी, पहाटे. आदल्या संध्याकाळी शाळेत फोन आला होता. काकू शाल पांघरून, हातात पोळ्या घेऊन आल्या. ओट्याखालची दोन्ही कुत्री त्यांनी बाहेर बोलावली आणि ती जाळीत आली. गिरणीसमोरचं कुत्रंही मिळालं. रेतीवरचं लंगडं मात्र निसटलं. खाच असलेल्या दोघांना तिथेच लस टोचली. काकू गाडीच्या मागे बघत उभ्या होत्या, "उपाशी नका ठेवजा रे पोट्टेहो" म्हणत. पथकातला एक मुलगा उतरून त्यांना सांगून गेला की शस्त्रक्रियेनंतर काही दिवस तिथेच ठेवून, जखम बघून मगच सोडतात.

इथून पुढे जे झालं ते पूर्ण समाधानाचं नाही. गिरणीसमोरचं कुत्रं कानाला खाच घेऊन आपल्या जागी परत आलं, ते नियमाप्रमाणेच. पण आवारातली दोन्हीही परत आली आणि रेतीच्या ढिगाशी सोडली गेली. विचारल्यावर निवाऱ्यात जागा नसल्याचं सांगण्यात आलं. फट बंद असल्याने ती आता आत येऊ शकत नाहीत आणि मुलांच्या वाटेतही नाहीत, हे खरं. तरी आदेशात निवारा म्हटलं आहे आणि निवारा मिळालेला नाही, हेही खरं. तोंडी उत्तरावर आम्ही थांबलो नाही. जागा नाही हे लेखी द्या, अशी मागणी त्याच आवक क्रमांकाच्या संदर्भाने केली. "जागा उपलब्ध होताच कार्यवाही करण्यात येईल" असं पत्र आलं. ते जपून ठेवलं आहे, कारण उद्या त्या दोघांपैकी कुणी कुणाला चावलं तर हा कागद लागेल.

नसबंदीकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही पालकांना सांगावं लागलं. कुत्रं परत आलं की काहींना वाटलं, काहीच झालं नाही. नसबंदीने माजाच्या दिवसांतली भांडणं थांबतात आणि पुढच्या थंडीत पुलियाखाली पिल्लं होत नाहीत. दुचाकीमागे धावायची सवय मात्र त्याने जात नाही, निदान लगेच नाही. मुलांना आम्ही प्रार्थनेच्या वेळी शिकवलं : कुत्र्याजवळून धावायचं नाही, अंगावर आलं तर झाडासारखं स्थिर उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही, आणि दात लागला किंवा नुसतं ओरबाडलं तरी घरी आणि शाळेत लगेच सांगायचं. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मुलं मार बसेल म्हणून लपवतात.

फाटकापुढे सकाळी आता एखाद-दुसरं कुत्रं दिसतं, घोळका नाही. काकूंचा दूधभात गिरणीमागे असतो, पण ती जागा अजून कागदावर मंजूर झालेली नाही. पिल्लांपैकी दोन घरांत गेली. उरलेली आता सहज पळतात आणि दूध सोडलेलं आहे, म्हणजे तपकिरी मादीला न्यायला हरकत नाही.

स्मरणपत्र या आठवड्यात द्यायचं आहे. त्यात जुना आवक क्रमांक सगळ्यांत वर आहे आणि मागण्या पाचच : तपकिरी मादीला नेऊन तपासणी व नसबंदी, रेतीवरच्या लंगड्या कुत्र्यासाठी पहाटेची पुन्हा एक फेरी, राहिलेल्या पिल्लांना वयाप्रमाणे लस, गिरणीमागच्या जागेचा लेखी आदेश आणि नोडल अधिकाऱ्याचं नाव. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, म्हणून टोचलेल्या प्रत्येक कुत्र्यासमोर पुढच्या जानेवारीची तारीख लिहून तो तक्ता सोबत जोडला आहे. बाईंची सही झाली आहे, काकूंची उद्या सकाळी घ्यायची आहे.